कंपनीचे नाव बदलले, नोकरी तीच राहिली: रेझ्युमेत हे कसे लिहावे

हिंजवडीत २०१८ साली शेजारी-शेजारी बसणारे दोन सहकारी डोळ्यांसमोर आणा. दोघेही केपीआयटी टेक्नॉलॉजीज लिमिटेडचे कर्मचारी आहेत. पहिला कारखान्यांसाठी सॅपसारख्या प्रणाली बसवणाऱ्या विभागात आहे, तर दुसरा मोटारींच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. पुढच्या वर्षी पहिल्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर बिर्लासॉफ्ट हे नाव आले आणि दुसऱ्याच्या ओळखपत्रावर केपीआयटी हेच नाव राहिले. कँटीनमध्ये कोणालाही विचारले असते तर त्याने सांगितले असते की पहिल्याची कंपनी बदलली आणि दुसरा होता तिथेच राहिला.

कागदोपत्री मात्र याच्या बरोबर उलटे घडले होते. जानेवारी २०१९ मध्ये अमलात आलेल्या योजनेनुसार बिर्लासॉफ्ट (इंडिया) लिमिटेड ही कंपनी जुन्या केपीआयटी टेक्नॉलॉजीजमध्ये विलीन झाली आणि त्याच वेळी जुन्या केपीआयटीचा अभियांत्रिकी व्यवसाय वेगळा काढून केपीआयटी इंजिनिअरिंग लिमिटेड या दुसऱ्या कंपनीकडे देण्यात आला. त्यानंतर जुन्या केपीआयटीने बिर्लासॉफ्ट लिमिटेड हे नाव घेतले आणि केपीआयटी इंजिनिअरिंगने केपीआयटी टेक्नॉलॉजीज लिमिटेड हे नाव घेतले. म्हणजे ज्याचे ओळखपत्र बदलले तो कायद्याच्या दृष्टीने त्याच कंपनीत राहिला, आणि ज्याच्या ओळखपत्रावरचे नाव तसेच राहिले त्याची कंपनी बदलली.

एवढे गुंतागुंतीचे प्रकरण सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पण या दोघांचा नोकरीचा इतिहास सरळ लिहिता आला, तर विलीनीकरण, नामांतर किंवा उपकंपनीकडे झालेली बदली यांतले बाकीचे प्रकार त्याच रीतीने सुटतात, म्हणून हा लेख या दोघांना धरूनच पुढे जातो.

पहिली पायरी: नेमके काय बदलले ते कागदावरून ठरवा

लिहायला बसण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर हाती हवे, ते म्हणजे बदल फक्त नावाचा होता, की पगार देणारी कंपनीच बदलली होती. आठवणीवर किंवा ऑफिसातल्या बोलण्यावर विसंबू नये, कारण कंपनीकडून येणाऱ्या आनंदी सुराच्या ईमेलमध्ये ‘आपण आता एका मोठ्या परिवाराचा भाग झालो आहोत’ असे लिहिलेले असते आणि कायद्याने काय घडले ते त्यातून कळत नाही.

सर्वांत सोपी खूण फॉर्म १६ मध्ये असते. त्याच्या पहिल्या भागात पगारावरचा कर कापणाऱ्या मालकाचे नाव, पत्ता, पॅन आणि टॅन छापलेले असतात. बदलाच्या आधीच्या वर्षाचा आणि नंतरच्या वर्षाचा फॉर्म १६ शेजारी ठेवून मालकाचा पॅन ताडून पाहा. कंपनीने नुसते नाव बदलले असेल तर नाव वेगळे दिसते, पण पॅन तोच राहतो. कंपनी दुसरीत विलीन झाली असेल किंवा तुमचा विभाग दुसऱ्या कंपनीकडे गेला असेल, तर पॅन वेगळा दिसतो, मग नाव सारखे असले तरीही. आपल्या दुसऱ्या सहकाऱ्याच्या बाबतीत नेमके हेच दिसेल. शिवाय बदल आर्थिक वर्षाच्या मध्ये झाला असेल, तर एकाच वर्षाचे दोन फॉर्म १६ हाती येऊ शकतात, आणि तीही कंपनी बदलल्याची खूणच आहे.

दुसरी खूण कंपनीच्या ओळख क्रमांकात असते. भारतात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला एकवीस अक्षरांचा सीआयएन मिळतो आणि तो लेटरहेडवर छापणे बंधनकारक आहे. त्यात राज्याची दोन अक्षरे, स्थापनेचे वर्ष आणि शेवटी सहा आकडी नोंदणी क्रमांक असतो. नाव बदलल्याने स्थापनेचे वर्ष बदलत नाही. आजच्या बिर्लासॉफ्ट लिमिटेडच्या सीआयएनमध्ये १९९० हे वर्ष आहे, कारण ती मुळात जुनी केपीआयटीच आहे. आजच्या केपीआयटी टेक्नॉलॉजीजच्या सीआयएनमध्ये २०१८ दिसते, कारण ती कंपनी २०१८ मध्ये स्थापन झाली. कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in या संकेतस्थळावर कंपनीची मूळ माहिती कोणालाही पाहता येते. विलीन होऊन संपलेली कंपनी तिथे तशी नोंदलेली असते, त्यामुळे जुन्या नावाची कंपनी अजून आहे की नाही हेही कळते.

या तपासणीतून तीनपैकी एक उत्तर निघेल. एकतर नाव बदलले पण कंपनी तीच राहिली, किंवा कंपनी बदलली पण तुमची सेवा सलग मोजली गेली, किंवा कंपनीही बदलली आणि सेवाही नव्याने सुरू झाली. तिसरे उत्तर ओळखण्यासाठी आणखी एक गोष्ट पाहावी लागते. जुन्या कंपनीने तुमच्याकडून राजीनामा घेतला का, फुल अँड फायनल हिशेब करून ग्रॅच्युइटी आणि रजांचे पैसे दिले का, आणि नव्या कंपनीने नवी रुजू तारीख घालून ऑफर लेटर दिले का, हे तपासावे. तिन्ही गोष्टी घडल्या असतील तर ती खरोखरच दुसरी नोकरी आहे, मग खुर्ची आणि टेबल तेच का असेना. नुसते बदलीचे पत्र आले असेल आणि त्यात ‘सेवाशर्ती व सेवेची सलगता कायम राहील’ अशा आशयाचे वाक्य असेल, तर ती एकच नोकरी.

दुसरी पायरी: एक नोंद की दोन नोंदी

नवखे उमेदवार सर्वाधिक चुकतात ते इथे. एका अर्जात मी तीन कंपन्या पाहिल्या होत्या, प्रत्येकीत जेमतेम दीड-दोन वर्षे, आणि निवड समितीतल्या एका सदस्याने समासात ‘टिकत नाही’ असा शेरा मारून तो अर्ज बाजूला ठेवला होता. नंतर सहज चौकशी केल्यावर कळले की त्या मुलीने नोकरी एकदाही सोडलेली नव्हती. ती एकाच इमारतीत, एकाच साहेबाच्या हाताखाली होती आणि दारावरची पाटी तेवढी दोनदा बदलली होती. तिने खोटे काहीच लिहिले नव्हते, तरी वाचणाऱ्याच्या मनात उभे राहिलेले चित्र खोटे होते.

म्हणून नियम असा ठेवावा की सेवा सलग असेल तर रेझ्युमेत नोंद एकच करायची, तारखांचा पट्टा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ठेवायचा, आणि नावातला बदल त्या नोंदीच्या आत सांगायचा. वाचणारा डावीकडच्या किंवा उजवीकडच्या तारखा आधी पाहतो आणि मनातल्या मनात नोकऱ्या मोजतो. ती मोजणी खरी यावी, एवढ्यासाठीच ही रचना आहे.

दोन नोंदी फक्त वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारात कराव्यात, जिथे हिशेब मिटवून नवी नोकरी सुरू झाली. तेव्हाही दुसऱ्या नोंदीत ‘आधीच्या कंपनीचा व्यवसाय या कंपनीने घेतल्यामुळे रुजू’ असे अर्धे वाक्य टाकावे, म्हणजे बदल तुमच्या इच्छेने झाला नव्हता हे न विचारता कळते.

तिसरी पायरी: नावाची ओळ

नोंदीच्या शीर्षकात कोणते नाव पुढे यावे, हे तुम्ही कंपनी केव्हा सोडली यावर ठरते. बदलाच्या वेळी तुम्ही तिथे होता आणि नंतरही राहिलात, तर शेवटचे नाव पुढे आणि जुने कंसात. बदल होण्याआधीच तुम्ही बाहेर पडला असाल, तर तुमच्या वेळचे नाव पुढे आणि आजची स्थिती कंसात. इंग्रजी रेझ्युमेत पहिल्या प्रकारासाठी ‘फॉर्मर्ली’ आणि दुसऱ्यासाठी ‘नाऊ पार्ट ऑफ’ हे शब्द रुळलेले आहेत आणि तेच वापरावेत. स्वतःचे काही नवे घडवू नये.

आता आपल्या दोघांच्या नोंदी लिहून पाहू. दोघेही जुलै २०११ मध्ये रुजू झाले असे धरू, म्हणजे तेव्हा कंपनीचे नाव केपीआयटी कमिन्स इन्फोसिस्टिम्स लिमिटेड होते. केपीआयटी टेक्नॉलॉजीज हे नाव २०१३ मध्ये आले. पहिल्या सहकाऱ्याची नोंद अशी होईल:

बिर्लासॉफ्ट लिमिटेड, पुणे
(पूर्वीची नावे: केपीआयटी टेक्नॉलॉजीज, केपीआयटी कमिन्स इन्फोसिस्टिम्स)
जुलै २०११ – मार्च २०२२
नावातील बदल कंपनीच्या पुनर्रचनेमुळे; सेवा सलग

इथे कंपनी एकच आहे, म्हणून ‘पूर्वीची नावे’ हा शब्द अचूक बसतो. दुसऱ्याची नोंद अधिक जपून लिहावी लागते:

केपीआयटी टेक्नॉलॉजीज लिमिटेड, पुणे
जुलै २०११ – मार्च २०२२
२०१९ पर्यंत मूळ केपीआयटी कंपनीत (आताची बिर्लासॉफ्ट लिमिटेड). अभियांत्रिकी व्यवसाय वेगळा झाल्यावर सेवा सलग ठेवून वर्ग

या दुसऱ्या नोंदीत केपीआयटी कमिन्सचे नाव गाळले आहे ते मुद्दाम. ते टाकले असते तर तीन नावे, दोन कंपन्या आणि एक विभाजन एवढे सगळे वाचणाऱ्याच्या डोक्यावर एकदम आले असते, आणि २०१३ च्या नामांतराने त्याच्या निर्णयात काहीच फरक पडत नाही. रेझ्युमेत तेवढेच जुने नाव घ्यावे जे वाचणाऱ्याला एखाद्या कागदावर किंवा एखाद्या माणसाच्या तोंडून भेटण्याची शक्यता आहे. या माणसाचे ऑफर लेटर केपीआयटी कमिन्सच्या नावाने आहे हे खरे, पण ते पाचव्या पायरीतल्या पडताळणीच्या फॉर्मचे काम आहे.

सहसा एक ओळ पुरते, फार तर दोन. कंपनी का विकत घेतली गेली, भाव काय होता, संचालक कोण आले, हे लिहिणारे उमेदवार मी पाहिले आहेत. ती माहिती वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर शोभते.

बँकांच्या बाबतीत हे सगळ्यात सोपे जाते, कारण विलीनीकरणाची तारीख सरकारी अधिसूचनेत असते आणि ती सर्वांना माहीत असते. देना बँकेत २०१४ ला लागलेला आणि आज बँक ऑफ बडोदात असलेला कर्मचारी ‘बँक ऑफ बडोदा (१ एप्रिल २०१९ पर्यंत देना बँक)’ एवढे लिहून मोकळा होतो.

बदलाआधी सोडलेली कंपनी

पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये २००४ ते २००८ काम करून बाहेर पडलेल्या माणसाचे उदाहरण घ्या. पटनी २०११ मध्ये आयगेटने घेतली आणि आयगेट २०१५ मध्ये कॅपजेमिनीने घेतली. हा माणूस कॅपजेमिनीत एक दिवसही कामाला नव्हता. तरी ‘कॅपजेमिनी’ हे नाव आज जास्त ओळखीचे म्हणून तेच शीर्षकात टाकण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा, कारण रिलीव्हिंग लेटरवर पटनीचे नाव आहे आणि पडताळणी करणाऱ्याला शीर्षकातले नाव आणि पत्रावरचे नाव यांत पहिलाच विसंवाद दिसतो. योग्य ओळ अशी होईल: ‘पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स लिमिटेड (नंतर आयगेट, आता कॅपजेमिनीचा भाग)’.

कंसातली ही माहिती केवळ सजावट नाही. पडताळणी करणाऱ्या संस्थेला पटनीच्या नावाने कोणाला फोन करावा हे कळणार नाही, पण वारस कंपनीचे नाव मिळाले की जुन्या नोंदी कोणाकडे विचारायच्या हे कळते. सांगली बँक किंवा साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक यांच्यासारख्या विलीन होऊन गेलेल्या बँकांत ज्यांनी नोकरी केली त्यांनी हीच रीत वापरावी. सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत आणि युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली.

ब्रँडचे नाव आणि कंपनीचे नाव

फाटकावरची पाटी आणि सॅलरी स्लिपवरचे नाव यांत फरक असू शकतो, आणि कधीकधी तो वर्षानुवर्षे टिकतो. सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे उदाहरण यासाठी चांगले आहे. जून २००९ पासून ती कंपनी ‘महिंद्रा सत्यम’ या ब्रँडने ओळखली जाऊ लागली, इमारतींवर आणि ओळखपत्रांवर तेच नाव आले, पण कंपनीचे कायदेशीर नाव जून २०१३ मध्ये टेक महिंद्रात विलीन होईपर्यंत सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस लिमिटेड हेच होते. त्या चार वर्षांतला कर्मचारी ‘महिंद्रा सत्यम लिमिटेड’ असे लिहील तर अशा नावाची कंपनी पडताळणीत सापडणार नाही. त्याने ‘सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस लिमिटेड (ब्रँड: महिंद्रा सत्यम)’ असे लिहावे.

उपकंपन्यांचेही असेच आहे. मोठ्या समूहाच्या एखाद्या छोट्या उपकंपनीत काम करणारा माणूस बाहेर समूहाचेच नाव सांगतो, आणि बोलण्यात ते चालून जाते. लेखी मात्र आधी पगार देणाऱ्या उपकंपनीचे पूर्ण नाव आणि मागे समूहाचे नाव असा क्रम ठेवावा. ‘लिमिटेड’ आणि ‘प्रायव्हेट लिमिटेड’ यांतला फरकही नीट पाहून लिहावा, कारण एकाच समूहात त्याच शब्दांच्या दोन कंपन्या असू शकतात. तुम्ही एखाद्या मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या पेरोलवर होता आणि बसत होता ग्राहक कंपनीत, तर मालक एजन्सीच आहे. ग्राहकाचे नाव कामाच्या वर्णनात यावे, शीर्षकात येऊ नये. यात कमीपणा वाटून नावे उलटी लिहिणारे पडताळणीत हमखास अडकतात, आणि तिथे कोणी ते कमीपणा म्हणून वाचत नाही, लपवाछपवी म्हणून वाचते.

चौथी पायरी: तारीख कोणती धरायची

विलीनीकरणाच्या कागदांत दोन तारखा असतात आणि त्या गोंधळात टाकतात. एक असते नियत तारीख, जिच्यापासून हिशेब एकत्र धरले जातात, आणि दुसरी असते योजना प्रत्यक्ष अमलात आल्याची तारीख. सत्यम आणि टेक महिंद्रा यांच्या योजनेत नियत तारीख १ एप्रिल २०११ होती, पण योजना अमलात आली २४ जून २०१३ रोजी. या मधल्या दोन वर्षांत कर्मचाऱ्यांच्या हाती आलेली कागदपत्रे सत्यमचीच होती. ज्याने हिशेबाची तारीख वाचून ‘२०११ पासून टेक महिंद्रा’ असे लिहिले, त्याचे त्या काळातले कागद त्याच्याच विरुद्ध बोलतील.

तुमच्यासाठी महत्त्वाची तारीख ती, जिच्यापासून सॅलरी स्लिपवर नवे नाव आले किंवा बदलीच्या पत्रात जी दिली आहे. रेझ्युमेत महिना आणि वर्ष पुरे. नेमका दिवस माहीत नसेल तर तो अंदाजाने टाकू नये.

हुद्द्याबद्दलही इथेच एक गोष्ट सांगतो. विलीनीकरणानंतर दोन कंपन्यांच्या श्रेणी एकमेकींत बसवल्या जातात आणि कालचा सीनियर इंजिनिअर आज सकाळी टेक्निकल लीड होतो, काम आणि पगार तेवढेच असताना. ही बढती नव्हे. रेझ्युमेत नवा हुद्दा लिहावा आणि जुना कंसात द्यावा, पण ‘बढती’ हा शब्द वापरू नये. मुलाखतीत ‘बढतीनंतर कोणती जबाबदारी वाढली’ हा प्रश्न ठरलेला असतो आणि त्याला उत्तर नसते.

पाचवी पायरी: पडताळणीचा फॉर्म वेगळ्या नजरेने भरा

इथवर जे सांगितले ते रेझ्युमेसाठी होते, जो घाईत असलेला माणूस अर्ध्या-एक मिनिटात चाळतो. निवड झाल्यावर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा जो फॉर्म येतो त्याचा वाचक निराळा आहे. तो तुमच्या कामाचे मोल करत नाही. फॉर्ममधले नाव, पत्रावरचे नाव आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीतले नाव ही तिन्ही जुळतात का, एवढेच तो पाहतो, आणि जुळली नाहीत तर शेरा मारतो. म्हणून माहिती तीच ठेवून मांडणी बदलावी लागते. रेझ्युमेत एक केलेली नोंद इथे कंपनीनुसार फोडावी लागू शकते.

आपल्या पहिल्या सहकाऱ्याने एकच रकाना भरावा, मालकाचे नाव बिर्लासॉफ्ट लिमिटेड लिहावे आणि शेऱ्यात सर्व जुनी नावे वर्षांसह द्यावीत, म्हणजे केपीआयटी कमिन्सच्या नावाचे ऑफर लेटर आणि बिर्लासॉफ्टचे रिलीव्हिंग लेटर एकाच कंपनीचे आहे हे जुळते. दुसऱ्याने मात्र दोन रकाने भरावेत: पहिल्यात जुलै २०११ पासून बदलीच्या तारखेपर्यंत ‘केपीआयटी टेक्नॉलॉजीज लिमिटेड (पूर्वीची केपीआयटी कमिन्स इन्फोसिस्टिम्स, आताची बिर्लासॉफ्ट लिमिटेड)’, दुसऱ्यात तिथून पुढे ‘केपीआयटी टेक्नॉलॉजीज लिमिटेड (पूर्वीची केपीआयटी इंजिनिअरिंग लिमिटेड)’. नोकरी सोडण्याचे कारण या रकान्यात तो ‘राजीनामा’ असे निवडू शकत नाही, कारण राजीनामा दिलेलाच नाही. ‘इतर’ हा पर्याय घेऊन ‘व्यवसायाच्या विभाजनामुळे सेवा वर्ग’ असे लिहावे. पहिल्या रकान्याचे रिलीव्हिंग लेटर मागितले जाईल आणि त्याच्याकडे ते नसेल. तिथे बदलीचे पत्र जोडावे.

फॉर्म पाठवण्याआधी ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर आपल्या यूएएनखालचा सेवा इतिहास उघडून पाहावा. प्रत्येक आस्थापनेसाठी तिथे वेगळा सदस्य क्रमांक, रुजू तारीख आणि बाहेर पडल्याची तारीख दिसते. कंपनी बदलली असेल तर बहुधा दोन सदस्य क्रमांक दिसतील, आणि पहिल्याची शेवटची तारीख नोंदलेली नसेल किंवा दोन तारखांमध्ये महिना-दोन महिन्यांची फट असेल, तर पडताळणी करणारा त्याला खंड समजेल. ही फट बहुतेक वेळा कंपनीच्या पेरोल विभागाकडून झालेल्या उशिराची असते. ती दुरुस्त करून घ्यायला वेळ लागतो, म्हणून नोकरी शोधायला लागण्याआधीच पाहून ठेवलेले बरे. तोवर त्या महिन्यांच्या सॅलरी स्लिपा आणि बँकेच्या पासबुकातल्या पगाराच्या नोंदी काढून ठेवाव्यात, कारण खंड नव्हता याचा त्याहून सरळ पुरावा नाही.

नोकरीच्या संकेतस्थळांवर आणि लिंक्डइनवर कंपनी यादीतून निवडावी लागते, तिथे कंसाची सोय नसते. आजचे अचूक नाव निवडावे आणि जुने नाव कामाच्या वर्णनाच्या पहिल्याच ओळीत टाकावे, म्हणजे जुन्या नावाने शोधणाऱ्यालाही प्रोफाइल सापडते. आपल्या दुसऱ्या सहकाऱ्याने तिथे दोन कंपन्या टाकू नयेत. प्रोफाइल हा रेझ्युमेसारखाच चाळण्याचा कागद आहे.

सलगतेचे पत्र

हे सगळे करताना एक कागद हाती असेल तर निम्मी डोकेदुखी कमी होते, आणि तो कागद नोकरीत असतानाच मागावा. एचआरला साध्या ईमेलने कळवावे की माझी रुजू तारीख, तेव्हाचे कंपनीचे नाव, नंतरची नावे आणि प्रत्येक बदलाची तारीख, तसेच सेवा सलग असल्याचा उल्लेख असलेले पत्र हवे आहे. बहुतेक कंपन्यांकडे विलीनीकरणाच्या वेळी तयार केलेला असा नमुना असतोच. नाव बदलून दोन वर्षे झाली नसतील तर काम आणखी सोपे, कारण कंपनी कायद्यानुसार त्या दोन वर्षांत लेटरहेडवर नव्या नावाबरोबर जुने नावही छापावे लागते. अशा लेटरहेडवरचे कोणतेही पत्र, अगदी पगारवाढीचेसुद्धा, दोन नावे जोडणारा पुरावा होते. ते जपून ठेवावे.

नोकरी सोडून गेल्यावर हेच पत्र मागितले तर उत्तर यायला आठवडे लागतात, आणि मधल्या काळात आणखी एक विलीनीकरण झाले असेल तर ज्या माणसाने तुमच्या वेळच्या नोंदी पाहिल्या होत्या तो माणूसही तिथे नसतो. पत्र मिळालेच नाही, तर नामांतराचे प्रमाणपत्र किंवा शेअर बाजाराला कंपनीने दिलेली सूचना कंपनीच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या विभागात शोधावी. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या बाबतीत ती बहुधा सापडते. तिची छापील प्रत ऑफर लेटर आणि रिलीव्हिंग लेटर यांच्या मध्ये लावून पाठवली की पडताळणी करणाऱ्याला तीन कागद एका ओळीत वाचता येतात आणि वेगळे स्पष्टीकरण लिहावे लागत नाही.